पेमेंट फेल, पण पैसे कापले: बँकेला ईमेल करताना नुसते स्क्रीनशॉट का पुरत नाहीत?

समजा, भोरहून महाडला निघालेला एक बाईकवाला वरंध घाट उतरून खाली वरंध गावात पोहोचला. घाटात मागचा टायर बसलेला. गॅरेजवाल्याने ट्यूब-टायर बदलून दिलं, बिल झालं १,८५० रुपये. त्याने क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला आणि स्क्रीनवरचं चक्र गोल गोल फिरत राहिलं. रेंजचा एकच दांडा. थोड्या वेळाने ॲपवर लाल अक्षरं आली, पेमेंट फेल. आणि पाठोपाठ बँकेचा एसएमएस, खात्यातून १,८५० रुपये वजा.

गॅरेजवाल्याचा साउंडबॉक्स गप्पच. शेवटी खिशातली रोख देऊन गडी महाडला पोहोचला. रात्री त्याने बँकेला ईमेल केला, 'सर, पैसे कट झालेत, पेमेंट फेल आहे, लवकर रिफंड करा.' सोबत चार स्क्रीनशॉट. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'कृपया व्यवहाराचा संपूर्ण तपशील पाठवावा.'

आता तुम्ही म्हणाल, स्क्रीनशॉटमध्ये सगळं दिसतंय की! मग बँकेला अजून काय हवंय?

पैसे गेले कुठे?

आधी हे समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. यूपीआयमध्ये पिन टाकून विनंती एकदा पुढे गेली की मोबाईलचं काम जवळपास संपतं. ती विनंती ॲपमार्फत एनपीसीआयकडे, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाकडे जाते. एनपीसीआय तुमच्या बँकेला सांगते, खात्यातून पैसे वजा करा. ते झालं की समोरच्याच्या बँकेला सांगते, आता जमा करा. त्या बँकेचा होकार आला की निरोप उलट्या वाटेने तुमच्या मोबाईलवर येतो.

म्हणजे अडचण दोन वेगवेगळ्या ठिकाणी होऊ शकते. एक, पैसे पोहोचलेत, पण रेंज नसल्यामुळे निरोपच मोबाईलपर्यंत आला नाही. घाटाच्या पायथ्याशी हे सहज होऊ शकतं. डेटा चालत नसतानाही एसएमएस येऊन पडतो, म्हणून वजा झाल्याचं आधी कळतं आणि बाकीचं नंतर. दुसरी अडचण, तुमच्या खात्यातून पैसे वजा झाले, पण समोरच्या बँकेचा होकार वेळेत आलाच नाही. अशा वेळी तुमच्या बँकेलाही लगेच सांगता येत नाही की तिकडे जमा झाले की नाही. बँका एकमेकांचे हिशेब जुळवतात तेव्हा ते कळतं. जमा झाले नसतील तर पैसे उलटे फिरतात.

मोबाईलवर दोन्ही वेळेला दिसतं जवळपास तेच. थोडक्यात, लाल अक्षरांचा स्क्रीनशॉट एवढंच सांगतो की त्या क्षणी ॲपला काय माहीत होतं. पैसे कुठे आहेत हे तो सांगत नाही.

म्हणून पहिलं काम ईमेल नाही. रेंज आली की ॲपमधली हिस्ट्री पुन्हा उघडून बघा, आणि दुकानदाराला खात्याचं स्टेटमेंट बघायला सांगा. साउंडबॉक्सलाही नेट लागतं, तो बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असं नाही. पैसे त्याच्याकडे पोहोचले असतील आणि तुम्ही रोखही दिली असेल, तर बँक काहीच करणार नाही. तिच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झालाय. ती रोख गॅरेजवाल्याकडूनच परत घ्यावी लागेल.

बँक शोधते १२ अंक

बँकेत बसलेला माणूस तक्रार शोधतो ती यूटीआर क्रमांकावरून. काही ठिकाणी त्याला आरआरएन म्हणतात. यूपीआयमध्ये हा १२ अंकी असतो. ॲपमध्ये त्या व्यवहारावर टॅप केलं की तपशिलात सापडतो. तिथेच ॲपचा स्वतःचा एक लांबलचक, अक्षरं-आकडे मिसळलेला आयडी असतो. बरेच जण घाईत तोच पाठवतात. तो ॲपच्या उपयोगाचा, बँकेला आधी १२ अंक लागतात.

हेच १२ अंक बहुतेक बँकांच्या स्टेटमेंटमध्ये त्या नोंदीसमोर असतात. दोन्हीकडचा क्रमांक जुळवून बघा. जुळला, तर फेल दिसणारा व्यवहार आणि वजा झालेली रक्कम एकच आहे. आणि स्टेटमेंटमध्ये खाली त्याच क्रमांकाची जमेची नोंद असेल, तर पैसे परत आलेत आणि ईमेलची गरजच नाही. खूप जण फक्त शिल्लक बघतात आणि मधे दुसरे व्यवहार झाले की गोंधळतात.

आता स्क्रीनशॉट. दोनच पुरेसे आहेत, पण नेमके. एक ॲपमधल्या तपशिलाच्या पानाचा, ज्यात तारीख, वेळ, रक्कम, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि यूटीआर दिसतो. दुसरा स्टेटमेंटमधल्या त्या नोंदीचा. जमल्यास स्क्रीनशॉटऐवजी त्या दिवसापासून आजपर्यंतच्या स्टेटमेंटची पीडीएफ जोडा, कारण पैसे अजून परत आले नाहीत हे त्यातूनच दिसतं. आणि यूटीआर ईमेलमध्ये टाईप कराच. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या धूसर चित्रात ३ आणि ८ ओळखणं कठीण असतं, आणि एक अंक चुकला की बँकेला व्यवहार सापडत नाही.

कधीपर्यंत थांबायचं?

यासाठी रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालं. त्यात 'टी' म्हणजे व्यवहाराचा दिवस, आणि दिवस कॅलेंडरचे मोजायचे. बँकेची सुट्टी वगळायची नाही.

यूपीआयने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत, तर ते टी अधिक १ दिवसात परत यायला हवेत. दुकानदाराला केलेलं पेमेंट असेल, पैसे वजा झाले आणि दुकानदाराकडे पुष्टी आली नाही, तर मुदत टी अधिक ५ दिवस. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. ही भरपाई ग्राहकाने तक्रार करायची वाट न बघता बँकेने स्वतःहून जमा करायची, असं परिपत्रकात लिहिलंय.

आपल्या बाईकवाल्याचं बघू. पेमेंट सोमवारी झालं. दुकानाचा क्यूआर असेल तर मुदत शनिवारपर्यंत. पैसे पुढच्या बुधवारी आले, तर रविवार ते बुधवार असा चार दिवस उशीर, म्हणजे ४०० रुपये. पण गॅरेजवाल्याने स्वतःच्या खासगी खात्याचा क्यूआर चिकटवलेला असेल, तर तो व्यक्तीला केलेला व्यवहार धरला जाऊ शकतो. मग मुदत मंगळवारीच संपली आणि त्याच बुधवारपर्यंत आठ दिवस उशीर, ८०० रुपये. साउंडबॉक्स असेल तर क्यूआर बहुधा दुकानाचाच असतो. खात्री नसेल तर बँकेलाच विचारा, व्यवहार कोणत्या प्रकारात धरलाय.

एक मर्यादा आहे. ग्राहकाची चूक नसताना अर्धवट राहिलेल्या व्यवहारालाच हा नियम लागतो. लाईन तुटली, वेळ संपली, सर्व्हर बंद पडला, अशी कारणं. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला तर देशभर यूपीआय अडखळलं होतं. पण चुकीच्या नंबरवर पाठवलेले पैसे यात येत नाहीत, कारण तो व्यवहार यशस्वी असतो. फसवणूक झाली असेल तर तोही वेगळा विषय, त्यासाठी लगेच १९३० वर फोन करायचा.

ईमेल असा लिहा

बँकेत नोंदवलेल्या ईमेल आयडीवरूनच पाठवा. मजकूर साधारण असा:

> विषय: अयशस्वी यूपीआय व्यवहार, रक्कम वजा, यूटीआर (१२ अंक)
>
> महोदय, माझ्या खात्यातून (शेवटचे चार अंक) सोमवार, दिनांक (तारीख) रोजी दुपारी २.१० वाजता १,८५० रुपये वजा झाले. समोरच्याचा यूपीआय आयडी (आयडी). ॲपवर व्यवहार अयशस्वी दिसत आहे. रक्कम खात्यात जमा झाली नसल्याचं समोरच्याने सांगितलं आहे. आज (तारीख) पर्यंत रक्कम मला परत मिळालेली नाही.
>
> कृपया रक्कम परत जमा करावी, आणि रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाची १०० रुपये भरपाई द्यावी. हा व्यवहार व्यक्तीला केलेला धरला आहे की दुकानदाराला, तेही कळवावं. तक्रार क्रमांक द्यावा.
>
> सोबत: ॲपमधील तपशील, खात्याचं स्टेटमेंट.

राग, 'लाज वाटत नाही का' वगैरे वगळलं तरी चालतं. पिन, ओटीपी, कार्डाचे सगळे आकडे यातलं काहीही ईमेलमध्ये नको. स्टेटमेंटवरचा पूर्ण खाते क्रमांक आणि इतर लोकांची नावं झाकून टाका.

बँकेचा पत्ता तिच्या वेबसाईटवरून किंवा पासबुकवरून घ्या. गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधू नका, तिथे भामट्यांनी टाकलेले नंबरही सापडतात. बँकेला टॅग करून तोच स्क्रीनशॉट सोशल मीडियावर टाकला की बँकेच्या नावाचं खोटं अकाउंट आधी रिप्लाय देऊ शकतं, 'रिफंडसाठी ही लिंक उघडा, पिन टाका.' यूपीआय पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच नाही.

बँकेने उत्तरच दिलं नाही तर?

ॲपमध्ये त्या व्यवहाराखाली तक्रारीचं बटण असतं. तेही दाबा, काही तक्रारी तिथेच सुटतात. पण ॲपच्या चॅटवर महिनाभर भांडण्यापेक्षा बँकेला लेखी तक्रार गेलेली बरी. कारण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी, आणि ३० दिवसांत उत्तर न मिळालेलं किंवा मिळालेलं उत्तर न पटणारं हवं. ईमेलवरची तारीख इथे उपयोगी पडते.

लोकपालाची तक्रार cms.rbi.org.in वर करता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. रायगडसारख्या जिल्ह्यात गावोगावी खाती जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत असतात. राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका २०२५ मध्ये या योजनेत आल्या, त्यामुळे त्यांच्या ग्राहकांनाही हा रस्ता खुला झालाय.

पैसे परत आले तरी स्टेटमेंट एकदा नीट बघा. १,८५० ची नोंद वेगळी आणि भरपाईची वेगळी असायला हवी. मूळ रक्कमच आली असेल आणि मुदत उलटून गेलेली असेल, तर त्याच ईमेलला रिप्लाय करून, तोच तक्रार क्रमांक टाकून, उशिराचे दिवस मोजून उरलेली रक्कम मागता येते.