लिनिअर रेग्युलेटर : एका टोकाला ड्रॉपआउट, दुसऱ्या टोकाला उष्णता

लिनिअर रेग्युलेटर म्हणजे बॅटरी आणि चिप यांच्या मधे बसलेला, स्वतःची किंमत सतत बदलत राहणारा एक रोध. त्याच्या आत एक ट्रान्झिस्टर असतो आणि चिपला लागणारा सगळा प्रवाह त्याच्यातूनच जातो. शेजारी एक पक्के संदर्भ-व्होल्टेज असते. बाहेर पडणारे व्होल्टेज त्याच्याशी सारखे ताडून पाहिले जाते आणि त्याप्रमाणे ट्रान्झिस्टर थोडा उघडला किंवा थोडा मिटला जातो. बाहेर ३.३ व्होल्ट हवे असतील आणि बॅटरी ४.२ व्होल्टवर असेल, तर वरचे ०.९ व्होल्ट ट्रान्झिस्टर स्वतःच्या अंगावर घेतो. बॅटरी ३.७ वर आली की तो ०.४ व्होल्टच घेतो. बाहेरच्या चिपला यातले काही जाणवत नाही.

या व्यवस्थेत दोन गोष्टी बदलता येत नाहीत. रेग्युलेटर व्होल्टेज कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. आणि तो जे व्होल्टेज अंगावर घेतो त्याची फक्त उष्णता होते. पहिल्या गोष्टीतून ड्रॉपआउटची मर्यादा येते आणि ती बॅटरी उतरताना आडवी येते. दुसरीतून तापण्याची मर्यादा येते आणि ती बॅटरी भरलेली असताना आडवी येते. एकीला आतले व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा बरेच वर हवे असते, दुसरीला ते होईल तितके जवळ हवे असते. बॅटरीवरच्या उपकरणाला या दोहोंच्या मधल्या पट्ट्यातच चालावे लागते.

शेतात मातीचा ओल मोजून वायफायवरून आकडे पाठवणारे एक छोटे यंत्र डोळ्यासमोर आणता येईल. त्यात १८६५० आकाराचा एक लिथियम-आयन सेल आहे आणि ईएसपी ३२ ही चिप आहे. सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो, त्याचे बहुतेक आयुष्य ३.६ ते ३.९ च्या दरम्यान जाते आणि ३.४ च्या खाली तो झपाट्याने उतरतो. चिपला ३.० ते ३.६ व्होल्ट लागतात. वायफाय सुरू नसताना तिची भूक माफक असते, पण संदेश पाठवण्याच्या क्षणी ती सुमारे २४० मिलिअँपिअर ओढते.

असे यंत्र पहिल्यांदा जोडणारा माणूस बहुधा बाजारात मिळणारा तयार बोर्ड घेतो. अशा कित्येक बोर्डांवर एएमएस १११७ हा रेग्युलेटर असतो. स्वस्त आहे, दणकट आहे आणि यूएसबीच्या ५ व्होल्टवर उत्तम चालतो. मात्र त्याला काम करायला आत आणि बाहेर यांच्यात साधारण १.१ व्होल्टचे अंतर लागते. हेच त्याचे ड्रॉपआउट व्होल्टेज : आतले व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा किमान किती वर असले पाहिजे तो आकडा. डेटाशीटमध्ये तो मोजण्याची रीत ठरलेली असते. आतले व्होल्टेज हळूहळू उतरवत न्यायचे आणि बाहेरचे व्होल्टेज ठरलेल्या मापाने खाली आले, की त्या वेळचे अंतर नोंदवायचे. ते माप कुठे १ टक्का असते, कुठे २ टक्के, कुठे १०० मिलिव्होल्ट. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना ही तळटीप आधी वाचावी.

३.३ आणि १.१ मिळून ४.४ होतात. लिथियम-आयन सेल ४.२ च्या वर जातच नाही. म्हणजे या जोडणीत रेग्युलेटर पहिल्या क्षणापासूनच ड्रॉपआउटमध्ये असतो. तो बंद पडत नाही, आणि फसगत होते ती इथेच. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडून बसतो आणि बाहेरचे व्होल्टेज सेलच्या मागोमाग, १.१ व्होल्ट खालून चालत राहते. सेल ४.२ वर असताना चिपला ३.१ मिळतात, ४.१ वर ३.०, आणि ३.७ वर जेमतेम २.६. हा तुटवडा कमी प्रवाहावरही फारसा भरून निघत नाही. या जातीच्या रेग्युलेटरमध्ये एका ट्रान्झिस्टरला दुसरा ट्रान्झिस्टर चालवतो आणि त्या रचनेतच सुमारे एक व्होल्ट अडकून राहतो.

मग यंत्र टेबलावर यूएसबीला लावले की नीट चालते आणि सेलवर लावले की वायफाय जोडताना पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. संगणकाच्या पडद्यावर `Brownout detector was triggered` ही ओळ दिसते. चिपमधला हा पहारेकरी नेहमीच्या मांडणीत सुमारे २.४ व्होल्टला जागा होतो. ३.० आणि २.४ यांच्या मधल्या पट्ट्यात तो गप्प असतो, आणि खरा त्रास त्याच पट्ट्यात होतो : प्रोग्राम मधेच अडकतो, वायफाय सापडत नाही, आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. साध्या मल्टिमीटरने हे पकडता येत नाही, कारण तो सरासरी दाखवतो आणि व्होल्टेजची बुडी काही मिलिसेकंदांची असते. चिपच्या अगदी पायाशी ऑसिलोस्कोपचा प्रोब लावून संदेश जाताना पाहिले, की तो खड्डा स्पष्ट दिसतो.

यावर उपाय म्हणजे कमी ड्रॉपआउटचा, म्हणजे एलडीओ प्रकारचा रेग्युलेटर. त्यात पी-चॅनेल मॉसफेट असतो. तो पूर्ण उघडला की नुसत्या छोट्या रोधासारखा वागतो, त्यामुळे त्याचे ड्रॉपआउट प्रवाहाच्या प्रमाणात बदलते. एपी २११२ हा असा एक प्रचलित रेग्युलेटर. ६०० मिलिअँपिअरला त्याचे ड्रॉपआउट सुमारे २५० मिलिव्होल्ट आहे. हा ०.४ ओहमच्या आसपासचा रोध झाला, म्हणजे २४० मिलिअँपिअरला केवळ १०० मिलिव्होल्ट. आता सेल ३.४ पर्यंत उतरला तरी चिपला पूर्ण ३.३ मिळतात. त्याखालीही बाहेरचे व्होल्टेज सेलच्या मागे सावकाश घसरते आणि सेल ३.१ च्या जवळ आल्यावर चिपची ३.० ही सीमा लागते. तोवर सेलमध्ये वाचवण्यासारखे फारसे उरलेले नसते.

हिशेब इथे संपला असे वाटते, पण सेललाही स्वतःचा रोध असतो. जुन्या सेलचा रोध ०.२ ओहम धरला आणि सेलवरच्या संरक्षक सर्किटचा व तारांचा मिळून आणखी ०.१, तर २४० मिलिअँपिअरला सुमारे ७० मिलिव्होल्ट वाटेतच जातात. थंडीत सेलचा रोध आणखी वाढतो. म्हणून स्वस्थ बसलेल्या सेलवर मोजलेले ३.४५ व्होल्ट संदेशाच्या क्षणी रेग्युलेटरच्या दाराशी ३.३८ असतात. ड्रॉपआउटचा हिशेब नेहमी सर्वांत मोठ्या प्रवाहावर आणि सर्वांत दमलेल्या सेलवर करावा लागतो.

उष्णतेचा हिशेब उलट्या बाजूने होतो. आत-बाहेरच्या व्होल्टेजमधला फरक गुणिले प्रवाह, एवढे वॅट रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन राहतात. फरक सर्वांत मोठा असतो सेल भरलेला असताना. शिवाय चिप आणि बोर्ड तापायला वेळ लागत असल्याने इथे क्षणिक झटक्यापेक्षा सरासरी प्रवाह महत्त्वाचा. दहा मिनिटांतून चार सेकंद जागे होणाऱ्या त्या शेतातल्या यंत्राचा रेग्युलेटर हाताला गारच लागेल. त्याच चिपला कॅमेरा जोडून सतत चित्रे पाठवायला लावली, तर गोष्ट बदलते.

एपी २११२ च्या बारक्या, पाच पायांच्या आवरणाला दर वॅटमागे सुमारे १९० अंश सेल्सिअस तापण्याची खोड आहे. त्याचा ६०० मिलिअँपिअरचा दावा ४.२ व्होल्टच्या सेलवर तपासला, तर ०.९ गुणिले ०.६, म्हणजे ०.५४ वॅट होतात आणि चिपचा गाभा भोवतालपेक्षा १०३ अंशांनी वर जातो. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ अंशांची असते. उन्हात ठेवलेल्या बंद डबीत ६० अंश धरणे अवाजवी नाही. बेरीज १६३ होते, तर अशा चिपांसाठी नेहमी धरली जाणारी मर्यादा १२५ अंशांची. गाभ्याला तापायला ६५ अंशांचीच मुभा उरते, म्हणजे ०.३४ वॅट, म्हणजे भरलेल्या सेलवर सुमारे ३८० मिलिअँपिअर. चार्जिंग चालू असताना रेग्युलेटर थेट यूएसबीच्या ५ व्होल्टवर येत असेल, तर फरक १.७ व्होल्ट होतो आणि तीच मुभा २०० मिलिअँपिअरवर येते. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा प्रवाहाचा आकडा चिप काय देऊ शकते ते सांगतो. ते देणे तिला किती वेळ झेपेल, हे आवरणाच्या उष्णतेच्या तक्त्यात असते. दुर्दैवाने तो तक्ता फार कमी जण उघडतात.

रेग्युलेटरच्या पायांखाली तांब्याचा रुंद पट्टा सोडला, तर या १९० अंशांत बरीच घट होते, कारण उष्णता मुख्यतः पायांतून बोर्डातच जाते. मोठे आवरण घेतले तर आणखी फरक पडतो. पण खिशात मावणाऱ्या उपकरणात ना तांब्याला जागा असते, ना हवेला.

ड्रॉपआउटची कटकट टाळायला काही जण एक सेल वाढवून दोन सेल मालिकेत लावतात. ७.४ व्होल्टवर कोणताही रेग्युलेटर ड्रॉपआउटमध्ये जात नाही, हे खरे. पण लिनिअर रेग्युलेटरमध्ये जेवढा प्रवाह बाहेर पडतो तेवढाच बॅटरीतून ओढला जातो. मालिकेतल्या २५०० मिलिअँपिअर-तासांच्या दोन सेलांची क्षमता २५०० च राहते आणि यंत्र जवळपास एका सेलइतकेच चालते. दुसऱ्या सेलची जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. एका सेलवर कार्यक्षमता ३.७ व्होल्टला ८९ टक्के असते आणि सेल उतरेल तशी वाढत जाते. दोन सेलांवर ती ४५ टक्के भरते. भरलेल्या जोडीवर, ८.४ व्होल्टला, १५० मिलिअँपिअरचा सततचा भारही पाऊण वॅटहून अधिक उष्णता तयार करतो. तसल्याच बारक्या आवरणात ही १४५ अंशांची वाढ झाली. तेच दोन सेल समांतर जोडले, तर व्होल्टेज तेच राहून चालण्याचा काळ दुप्पट होतो. आणि व्होल्टेज वरचेच हवे असेल, तर तिथे स्विचिंग रेग्युलेटर लागतो.

उष्णतेने आलेला बिघाड ड्रॉपआउटच्या बिघाडापासून वेगळा ओळखता येतो. गाभा साधारण १६० अंशांच्या पुढे गेला की रेग्युलेटर स्वतःला बंद करतो, थंड झाला की पुन्हा सुरू होतो, आणि यंत्र ठरावीक अंतराने मरते व जगते. हे चार्जिंग चालू असताना किंवा भर दुपारी, सेल भरलेला असतानाच होते आणि रेग्युलेटरवर पंख्याचा झोत सोडला की थांबते. ड्रॉपआउटच्या बिघाडावर पंख्याचा काही परिणाम होत नाही. तो सेल बदलला की जातो, आणि तो सेल ३.५ च्या खाली आला की परत येतो.