पीएच आठ, पण किती अंशांवर?

बाटलीवर ‘ट्रिस, ०.१ मोलर, पीएच ८’ एवढेच लिहिले असेल, तर माहिती अर्धवट आहे, कारण तापमान लिहिलेले नाही. (पाठ्यपुस्तकात पीएचला ‘सामू’ म्हणतात. शब्द सुटसुटीत आहे, पण प्रयोगशाळेच्या टेबलावर तो फारसा पोचला नाही.)

ट्रिस हे प्रथिनांवर काम करणाऱ्यांचे रोजचे बफर. बफर म्हणजे थोडे आम्ल किंवा अल्कली पडली तरी आपला पीएच फारसा ढळू न देणारे द्रावण. पण हेच ट्रिस तापमानापुढे नमते. दर अंश सेल्सिअसला त्याचा पीएच सुमारे ०.०२८ ने सरकतो, आणि थंडीत वाढतो.

समजा, ४ अंशांवर वापरण्यासाठी पीएच ८ चे अर्धा लिटर द्रावण हवे आहे. ट्रिसचा रेणुभार १२१.१४, लिटरमध्ये तितके ग्रॅम असले की एक मोलर. आपल्याला त्याचा दहावा हिस्सा, तोही अर्ध्या लिटरसाठी, म्हणजे ६.०६ ग्रॅम हवे. टक्क्यांत सांगायचे तर दर शंभर मिलिलिटरला १.२१ ग्रॅम, म्हणून १.२१ टक्के. हे आधी चारशे मिलिलिटर पाण्यात विरघळवावे. आम्लालाही जागा लागते. पाचशेच्या खुणेपर्यंत पाणी भरायचे ते सर्वांत शेवटी.

पीएच मीटर ७ आणि १०च्या प्रमाण द्रावणांनी कॅलिब्रेट करावा, म्हणजे आपला आकडा त्या दोहोंच्या मध्ये येतो. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. मीटरला तापमानाची आपोआप दुरुस्ती असते, मग काळजी कशाला, असे म्हणतात. ती दुरुस्ती इलेक्ट्रोडच्या प्रतिसादाची असते. ट्रिसचा पीएच खरोखरच बदललेला असतो आणि मीटर तो इमानाने दाखवतो; ४ अंशांवर तो किती होईल, हे मीटर सांगत नाही.

ते आपण काढायचे. २५ अंशांपासून ४ पर्यंत फरक २१ अंशांचा, म्हणजे पीएच सुमारे ०.५९ ने वाढणार. म्हणून २५ अंशांवर ८ नव्हे, ७.४ साधायचा. हायड्रोक्लोरिक आम्ल घालताना द्रावण कोमट होते आणि आकडा फसवा खाली दिसतो, तेव्हा शेवटचे थेंब द्रावण २५ अंशांवर आल्यावरच घालावेत.

एक मोलर आम्ल साधारण ४१ मिलिलिटर लागेल. २५ अंशांवर ८ साधला असता, तर २७ पुरले असते. आम्ल घालण्याआधीच पीएच पाचाखाली दिसला, तर बाटलीत ट्रिस नसून ट्रिस हायड्रोक्लोराइड आहे. त्याचा रेणुभार १५७.६, त्यामुळे वजनही चुकलेले असते. ते द्रावण टाकून पुन्हा सुरुवात करावी. सगळे जुळले, तर लेबलवर लिहावे: ‘पीएच ७.४, २५ अंशांवर. ४ अंशांवर सुमारे ८’.