कांदेपोहे आणि अल्गोरिदम: चार गैरसमज

अल्गोरिदम समजावताना पाककृतीचं उदाहरण हमखास दिलं जातं. उदाहरण चांगलं आहे, पण अर्ध्यावर सोडलं की त्यातूनच नवे गैरसमज निघतात. म्हणून कांदेपोहे करायला घेऊ आणि शेवटपर्यंत जाऊ.

गैरसमज: पाककृती लिहिली की अल्गोरिदम झाला.

डोनाल्ड कनूथ यांनी 1968 साली ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या पहिल्या खंडात अल्गोरिदमची पाच लक्षणं सांगितली. त्याला काहीतरी पुरवायचं असतं, त्यातून काहीतरी मिळतं, तो कधीतरी संपतो, प्रत्येक पायरी करता येण्याजोगी असते आणि तिचा एकच अर्थ निघतो. तिथेच त्यांनी पाककृतीशी तुलना करून दाखवलं, की ती नेमकी या शेवटच्या कसोटीला उतरत नाही.

आपल्या पाककृतीत लिहिलेलं असतं, ‘पोहे भिजवून घ्या.’ किती पाण्यात, किती वेळ? करणाऱ्याला सवय असते म्हणून चालून जातं. हीच पायरी नेमकी करायची तर अशी लिहावी लागेल: दोन वाट्या जाडे पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धुवा आणि पाच मिनिटं निथळू द्या. मग एक पोहा चिमटीत दाबा. आत कडक कणी लागली तर चमचाभर पाणी शिंपडा, दोन मिनिटं झाका आणि पुन्हा दाबून बघा. कणी लागली नाही तर पुढच्या पायरीवर जा.

एका ओळीच्या चार झाल्या, आणि त्यात अल्गोरिदमचे दोन मुख्य सांधे आले. एक ‘तर’चा, म्हणजे दोन वाटांतून निवड करण्याचा. दुसरा ‘पुन्हा’चा, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत तेच काम करत राहण्याचा. तरीही हे सगळं कणी ओळखणाऱ्या बोटांसाठी लिहिलेलं आहे. यंत्राकडून करून घ्यायचं असेल तर ‘कणी’ म्हणजे नेमकं काय मोजायचं, तेही ठरवावं लागेल.

गैरसमज: पायऱ्या बरोबर असल्या की काम संपणारच.

‘मोहरी तडतडेपर्यंत थांबा’ ही पायरी निर्दोष वाटते. पण सिलिंडर संपला असेल तर? माणूस वाकून शेगडीकडे बघतो. नुसत्या पायऱ्या पाळणारं यंत्र थांबूनच राहील, कारण मोहरी तडतडणार नाही आणि अट कधीच पूर्ण होणार नाही. प्रोग्रॅम ‘अडकतो’ त्यामागे अनेकदा अशीच न संपणारी फेरी असते.

फेरी संपेल याची खात्री कशी मिळते, हे युक्लिडच्या सुमारे 2300 वर्षं जुन्या रीतीत छान दिसतं. 48 आणि 18 चा मसावि काढायचा आहे. 48 ला 18 ने भागा, बाकी 12. मग 18 ला 12 ने भागा, बाकी 6. मग 12 ला 6 ने भागा, बाकी 0. बाकी शून्य आली की शेवटचा भाजक, म्हणजे 6, हा मसावि. इथे प्रत्येक फेरीत बाकी आधीपेक्षा लहानच येते आणि पूर्ण संख्या शून्याच्या खाली घसरू शकत नाही. म्हणून ही फेरी संपतेच. मोहरीच्या पायरीला अशी आतून हमी नाही. ती बाहेरून द्यावी लागते: तीन मिनिटांत मोहरी तडतडली नाही, तर थांबा आणि गॅस तपासा.

गैरसमज: अल्गोरिदम म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम.

युक्लिडच्या काळी कॉम्प्युटर नव्हता, एवढं उत्तर पुरे आहे. मसाविची ती रीत आज पाटीवर करा, पायथॉनमध्ये लिहा किंवा सी मध्ये, अल्गोरिदम तोच राहतो. प्रोग्रॅम हे त्याचं एका भाषेतलं रूप असतं.

गैरसमज: अल्गोरिदम बरोबर असेल तर उत्तर बरोबरच येतं.

वरच्या सगळ्या पायऱ्या तंतोतंत पाळा, फक्त जाड्या पोह्यांच्या जागी चिवड्याचे पातळ पोहे घ्या. नळाखाली धरताच लगदा होईल. चूक पायऱ्यांत नाही, पुरवलेल्या वस्तूत आहे. अल्गोरिदमचं वचन ठरावीक प्रकारच्या इनपुटपुरतंच असतं, म्हणून चांगल्या प्रोग्रॅममध्ये काम सुरू करण्याआधी इनपुट तपासतात.

युक्लिडच्या रीतीलाही ही मर्यादा आहे. ती पूर्ण संख्यांसाठी आहे. 2 चं वर्गमूळ आणि 1 ही जोडी तिला दिली तर बाकी दर फेरीत लहान होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. इतकी भरवशाची रीतही मग संपत नाही.