वेव्ही केसांवर कर्टन बँग्ज: आधी लांब, मग नेमक्या

घरी कापलेल्या कर्टन बँग्ज बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. ओले किंवा ताणून धरलेले केस मनाजोगत्या लांबीवर कापले जातात आणि वाळल्यावर ते भुवयांच्याही वर जाऊन बसतात. सरळ केसांमध्ये ही चूक थोडक्यात निभावते, पण वेव्ही केसांमध्ये निभावत नाही. पाण्याने केसांच्या आतली बांधणी तात्पुरती सैल होते, म्हणून ओली बट जड आणि लांब दिसते. वाळताना ती बांधणी पुन्हा धरते, लाट परत येते आणि बट वर सरकते. त्यात बट आखूड केली की तिचं स्वतःचं वजनही कमी होतं आणि ती आणखी उसळते. घरी कापायचं म्हणजे या उसळीचा हिशेब आधी करायचा.

कर्टन बँग्ज म्हणजे मधोमध भांग पाडून दोन्ही गालांकडे पडद्यासारखी उघडणारी झुलपं. मध्ये आखूड, कडेला लांब आणि पुढे बाकीच्या केसांत मिसळून जाणारी. ‘लव्ह इन सिमला’मुळे 1960मध्ये गाजलेला साधना कट वेगळा होता. त्यात कपाळावर सरळ झालर असे, आणि तशी झालर लाटा असलेल्या केसांना रोज इस्त्री केल्याशिवाय सरळ बसत नाही. कर्टन बँग्जना मात्र लाट मदतच करते, कारण केस आपणहून बाजूला वळतात.

कापायच्या दिवशी केस नेहमीसारखे धुवा, नेहमी लावता तेच क्रीम किंवा जेल लावा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. केसांना तेल नको. तेलाने बटा जड होऊन खाली लोंबतात आणि खोटी लांबी दाखवतात. स्ट्रेटनरही नको. रोज जसे केस घेऊन तुम्ही बाहेर पडता, तशाच अवस्थेत ते कापायचे आहेत. कात्री केसांची आणि धारदार हवी. स्वयंपाकघरातल्या किंवा कागदाच्या कात्रीच्या पात्यांतून केस निसटतात, वाकतात, आणि टोकं दुभंगतात.

आता भाग पाडायचे. मधोमध भांग काढा आणि कंगवा कपाळापासून मागे डोक्यावर आडवा टेकवा. जिथे डोक्याचा उतार सुरू होऊन कंगवा उचलला जातो, तिथे त्रिकोणाचा शेंडा येतो. पुस्तकी नियम एवढाच आहे, पण वेव्ही केसांसाठी मी शेंडा त्याहून थोडा पुढे, कपाळाच्या केसरेषेपासून साधारण चार सेंटिमीटरवर घेते. लाटांमुळे थोडे केसही भरपूर दिसतात, आणि कमी वाटले तर पुढच्या वेळी अजून घेता येतात. शेंड्यापासून दोन्ही बाजूंना तिरक्या रेषा काढून त्या भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या सरळ वर, केसरेषेपर्यंत आणा. त्यापलीकडे जाऊ नका. कानशिलाजवळचे केस विरळ आणि नाजूक असतात. ते या त्रिकोणात आले की कानासमोर आखूड, तुटक बटा लोंबत राहतात आणि वेणी घातली तरी सुटून बाहेर येतात. त्रिकोणाबाहेरचे सगळे केस मागे ओढून चिमट्यांनी घट्ट बांधून टाका. एकही बट चुकून पुढे आली तर तीही कापली जाईल.

लांबी ठरवण्यासाठी टेप लागत नाही, स्वतःचा चेहरा पुरतो. माझ्या भाचीचं उदाहरण सांगते. केस खांद्यापर्यंत, मोकळ्या लाटांचे. मधली टोकं डोळ्यांच्या जरा खाली, नाकाच्या मध्यावर यावीत अशी तिची इच्छा. मी मधली एक बारीक बट सरळ ताणली, वरच्या ओठापाशी चिमटीत धरली, आणि चिमूट न सोडता ताण हळूहळू सोडला. चिमूट आपोआप वर गेली आणि नाकाच्या मध्यावर थांबली. म्हणजे तिच्या केसांना ओठापासून तिथवर उसळी होती, आणि ताणलेल्या अवस्थेतलं ‘नाकाचा मध्य’ म्हणजे वरचा ओठ. त्यात दोन बोटं वाढवली आणि पहिली कात्री खालच्या ओठाच्या कडेला लावायची ठरवली. तुमची बट किती उसळते ते दोन्ही बाजूंनी तपासा. एकीकडे लाट घट्ट आणि दुसरीकडे सैल असणं अगदी सामान्य आहे. अशा वेळी जास्त उसळणाऱ्या बाजूवरून लांबी ठरवा.

कापताना हनुवटी सरळ ठेवा. मान खाली घातली की लांबी बदलते. त्रिकोणातले सगळे केस रुंद दातांच्या कंगव्याने हलकेच पुढे, नाकासमोर मधोमध आणा आणि न ताणता दोन बोटांत धरा. कडेचे केस इथवर पोचायला जास्त अंतर चालून आलेले असतात, म्हणून एकाच पातळीवर कापले तरी परत जागेवर गेल्यावर ते मधल्यांपेक्षा लांब राहतात. पडद्याचा आकार यातूनच येतो. कात्री आडवी चालवू नका. ती उभी धरून टोकांत अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरने आत घाला, म्हणजे रेघ न दिसता टोकं मऊ उतरतात. केसांना पीळ देऊन एका फटक्यात कापायची युक्तीही वेव्ही केसांवर टाळलेली बरी. पिळात प्रत्येक लाट वेगळ्या जागी कापली जाते आणि केस मोकळे झाल्यावर पायऱ्या दिसतात.

मग बोटांनी केस झटकून भांग पुन्हा पाडा आणि थांबा. भाचीच्या बँग्ज त्या संध्याकाळी नाकाच्या शेंड्यापाशी आल्या, आणि ‘अजून जरा’ असं तिचं चाललं होतं. पुढे दोनदा केस धुतल्यावर त्या आपणहून सुमारे एक सेंटिमीटर वर चढल्या. उरलेला सेंटिमीटर मग दुसऱ्या बैठकीत, अर्ध्या अर्ध्याने काढला आणि टोकं हव्या तिथे आली. पहिल्याच दिवशी सगळं कापलं असतं तर त्या डोळ्यांवर येऊन टोचल्या असत्या.

दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते मोकळ्या केसांत पाहू नका. दोन्हींकडची एकेक बट हनुवटीकडे हलकेच ओढून तुलना करा. ताणल्यावर सारख्या असतील तर फरक लाटेचा आहे, कात्रीचा नाही, आणि तो कापून जाणार नाही. खरंच एक लांब असेल तर तेवढीच टिपा. मात्र एकीकडून दुसरीकडे असं कापत राहिलं की लांबी पाहता पाहता संपते.

हवेचाही विचार करा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात दमट हवेने केस जास्त आखडतात, म्हणून कोरड्या थंडीत कापताना राखीव लांबी थोडी जास्तच ठेवा. केसरेषेवर जोरदार भोवरा असेल किंवा पुढचे केस घट्ट कुरळे असतील, तर पहिल्यांदा कुरळे केस कापणाऱ्या कुणाकडे जाणं शहाणपणाचं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच वाढतात. त्यामुळे लग्नकार्यासाठी बँग्ज हव्या असतील तर पहिली कात्री किमान महिनाभर आधी चालवा, आणि दुसरी दोनदा केस धुतल्यावरच.