जिंतूरचं सोयाबीन कुठे पाठवायचं?

परभणी जिल्ह्यात सोयाबीनचा हंगाम लागला की शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात संध्याकाळी एक हिशेब हटकून होतो : कुठल्या केंद्रावरचा माल कुठल्या गावच्या गिरणीला पाठवायचा. मी या हिशेबाला बसतो. इथले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मुद्दाम गोल घेतले आहेत.

जिंतूरला ४०० क्विंटल माल पडून आहे, गंगाखेडला ६००. लातूरला ५००, नांदेडला ३०० आणि जालन्याला २०० क्विंटल हवा आहे. खरेदी, हमाली, भाडं वजा जाता क्विंटलमागे हाती राहणारे रुपये असे :

| | लातूर | नांदेड | जालना |
|---|---|---|---|
| जिंतूर | ९० | ८० | ११० |
| गंगाखेड | १२० | १०० | ७० |

वाहतूक कोष्टक सोडवण्याची नेहमीची रीत खर्च कमी करण्यासाठी आहे. ती या कोष्टकावर तशीच चालवली, तर नफाच कमीत कमी होतो. म्हणून सर्वांत मोठा आकडा, १२०, घ्यायचा आणि प्रत्येक घरातला नफा त्यातून वजा करायचा. उरतो तो संधी-तोटा, म्हणजे त्या मार्गाने माल गेला तर क्विंटलमागे हुकणारा नफा. जिंतूरची ओळ ३०, ४०, १० अशी होते, गंगाखेडची ०, २०, ५०. एखाद्या मार्गावर दहा रुपये पदरचेच जात असतील, तर त्या घरात ११० नव्हे, १३० येतात. हे उणे चिन्ह फार निसटतं.

आता व्होगेलची पद्धत. प्रत्येक ओळीत आणि रकान्यात सर्वांत लहान दोन आकड्यांतला फरक काढायचा. जालन्याच्या रकान्यात तो सर्वांत मोठा, ४०. म्हणून जालन्याचे २०० क्विंटल जिंतूरहून. मग लातूरचे ५०० गंगाखेडहून. नांदेडला जिंतूरचे उरलेले २०० आणि गंगाखेडचे १००.

याहून चांगली वाटणी आहे का? जिंतूरचा एक क्विंटल नांदेडऐवजी लातूरला वळवून पाहू. हुकणारा नफा ४० वरून ३० वर येतो, पण गंगाखेडचा एक क्विंटल लातूर सोडून नांदेडला जातो आणि तिथे २० वाढतात. निव्वळ १० रुपये जास्तच हुकतात. गंगाखेड–जालना हे घर भरलं तर ६०. म्हणजे हीच वाटणी उत्तम.

या वाटणीत एकूण १२,००० रुपये हुकतात. घाईत हाच आकडा नफा म्हणून लिहिला जातो. नफा मूळ कोष्टकावरूनच मोजावा : १,०८,०००. एकूण माल १,००० क्विंटल ठरलेला आहे, त्याला १२० ने गुणून १,२०,००० येतात आणि त्यातून १२,००० गेले की हाच आकडा मिळतो. हा पडताळा कधी चुकवू नये.

मागणीपेक्षा माल जास्त असेल तर शिलकीचा रकाना जोडावा लागतो. तिथे नफा शून्य, म्हणून संधी-तोटा १२०. त्या घरांत शून्य लिहिलं तरी शेवटची उत्तम वाटणी बदलत नाही, पण पडताळा जुळत नाही. म्हणून आधी रकाना जोडा आणि मगच वजाबाकी करा.