बँकेतली वीस वर्षं आणि ग्रुपवरचे चार ओळींचे शब्द

ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाच्या नोकरीला इतकी वर्षं झाल्याचं कळलं, की फुलांच्या गुच्छाचं चित्र येतं आणि खाली ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ची रांग लागते. ज्याला उद्देशून हे चालतं, त्याने या वर्षांत काय केलं ते मात्र त्यात कुठेच नसतं.

समजा, एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत कॅशियर असलेल्या ताईंना आज वीस वर्षं पूर्ण झाली. मजकूर लिहायला घेणाऱ्याने आधी हा आकडा तपासावा. ताई या शाखेत बदलून आल्या त्याला बारा वर्षं झाली. त्याआधीची आठ दुसऱ्या गावी गेली. ‘आपल्याकडे वीस वर्षं’ असं लिहिलं तर चुकतं, आणि ‘बारा वर्षं’ म्हटलं तर आठ वर्षांची मेहनत पुसली जाते. सुरुवातीला कंत्राटावर काम करून मग कायम झालेल्यांच्या बाबतीत ही चूक जास्त लागते. दोन्ही तारखा त्यांनाच सहज विचारून घेतल्या की प्रश्न मिटतो.

मग एकच आठवण निवडावी, आणि तीही सगळ्यांना दिसलेल्या कामाची. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदीनंतर बँकांसमोर लागलेल्या रांगा कोण विसरेल? तिथून मजकूर असा उभा राहतो:

‘ताई, बँकेत आज तुम्हाला वीस वर्षं झाली, त्यातली बारा आपल्या शाखेत. नोटाबंदीच्या आठवड्यात रात्री रोकड जुळेना, तेव्हा तुम्ही शंभरची प्रत्येक गड्डी पुन्हा मोजायला लावलीत. तेव्हा वैताग आला होता, आता नवी मुलंही न सांगता तसंच करतात. मनापासून अभिनंदन! – शाखेतले सगळे’

यात ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ हे शब्द नाहीत, तरी दोन्ही गुण कळतात. गड्डीची गोष्ट दुसऱ्या कुणाला चिकटवता येणार नाही, म्हणून ती ताईंची. वैतागाचा उल्लेख आपुलकीचा आहे. मात्र ताईंची चूक झाल्याचा किस्सा कितीही गमतीचा असला, तरी मॅनेजरसाहेब असलेल्या ग्रुपवर तो टाकू नये. हुकलेली बढती, घरचं आजारपण, निवृत्तीला उरलेली वर्षं यांनाही तिथे जागा नाही. असं काही बोलायचंच असेल, तर ताईंना वेगळा फोन करावा.

लांबी एवढीच पुरे. मजकूर फार वाढला की व्हॉट्सअ‍ॅप तो मध्येच तोडतं आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. घाईत असलेले तेवढं करत नाहीत. त्यामुळे नाव आणि वर्षं पहिल्याच ओळीत हवीत. वेळही कामाची बघावी. काउंटर उघडण्याआधी पाठवलं तर ताईंना निवांत वाचता येतं. भर गर्दीत पाठवलेलं संध्याकाळपर्यंत दहा सूचनांखाली जातं.


कुणी आधीच गुच्छाचं चित्र टाकलं असेल, तरी हरकत नाही. त्याखाली आपला मजकूर टाकावा. मग इतरांनाही आपापली आठवण सुचते, आणि ‘अभिनंदन’च्या रांगेत एखादा जुना शिपाईकाका चहाच्या वेळेची गोष्ट लिहून जातो.