खांबाआडचा माणूस

रेल्वे फलाटावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण घेऊ. सेकंदाला पंचवीस फ्रेम. प्रत्येक फ्रेममधली माणसे शोधून त्यांच्याभोवती चौकटी आखणे हे काम संगणक आज बरे करतो. पण या शोधणाऱ्या प्रणालीला आधीच्या फ्रेममधले काहीच आठवत नाही. या फ्रेममधली तिसरी चौकट म्हणजे मागच्या फ्रेममधला कोण, हे ठरवणारा वेगळा लागतो. तिथे 1960 साली रुडॉल्फ काल्मन यांनी मांडलेला फिल्टर कामी येतो.

हा फिल्टर प्रत्येक माणसाचे स्थान आणि वेग यांचा अंदाज बाळगतो, आणि त्यासोबत त्या अंदाजात किती चूक असू शकेल याचाही हिशेब ठेवतो. चौकट दिसली की अंदाज सुधारतो आणि शंका आकसते. माणूस खांबाआड गेला की जुन्याच वेगाने त्याला मनोमन पुढे चालवत राहतो. फ्रेममागे चार पिक्सेल चालणारा माणूस दहा फ्रेम दिसला नाही, तर तो चाळीस पिक्सेल पुढे असेल असे धरतो. दर फ्रेमला शंका मात्र वाढत जाते. हा प्रामाणिकपणाच पुढे नडतो.

समजा, सहा क्रमांकाचा माणूस खांबाआड आहे. त्याच्याबद्दलची शंका वीस पिक्सेलपर्यंत फुगली आहे. नऊ क्रमांकाचा समोरच चालतो आहे. त्याची शंका फक्त चार. आता एक चौकट दिसते. नवाच्या अपेक्षित जागेपासून ती दहा पिक्सेलवर, सहाच्या जागेपासून पंचवीसवर. साध्या डोळ्यांना ती नवाचीच. पण फिल्टर अंतराला शंकेने भागतो: नवाचे उत्तर अडीच, सहाचे सव्वा. कमी आकडा जिंकतो, म्हणजे ज्याच्याविषयी सर्वांत कमी माहिती आहे तोच चौकट पटकावतो!

2017 साली वोय्के, ब्युली आणि पाउलुस यांनी मांडलेल्या 'डीपसॉर्ट' पद्धतीत यावर एक तोड आहे. नुकतेच दिसलेले आधी आपापल्या चौकटी घेतात. जास्त वेळ लपलेल्यांची पाळी उरलेल्या चौकटींवर. शिवाय प्रत्येकाच्या रूपाचे वर्णन 128 आकड्यांत साठवून तेही ताडून पाहिले जाते. मला यातली पहिली युक्ती अधिक भावते, कारण ती गणिताची एक खोड ओळखून केलेली आहे. अर्थात एकाच गणवेशातली मुले आली की रूपाचा आधार लटका पडतो, आणि खांबाआड थबकलेल्या माणसापुढे वेगाचा अंदाजही.

चूक ओळखायची कशी? ओळख तुटली तर नवा क्रमांक निघतो. फलाटावर बारा माणसे आणि क्रमांक एकोणिसावर, हे लगेच लक्षात येते. पण दोघांच्या ओळखींची अदलाबदल झाली तर एकूण संख्या बरोबरच राहते. ती चूक पकडायला कुणीतरी फ्रेम-फ्रेम पाहून हाताने क्रमांक घातलेले चित्रण शेजारी ठेवावे लागते.